पावणेआठचा वेग, सव्वानऊचा खर्च

पीएसएलव्हीच्या उड्डाणाआधी इस्रो एक छोटी पुस्तिका काढते. तिच्यात एक तक्ता असतो. कितव्या सेकंदाला कोणता टप्पा पेटणार, तेव्हा रॉकेट किती उंचीवर असणार आणि त्याचा वेग किती असणार, हे त्यात ओळीने दिलेलं असतं. या तक्त्याची पहिली ओळ मला फार आवडते. वेळ शून्य सेकंद आणि वेग सेकंदाला ४५१.९ मीटर. म्हणजे रॉकेट अजून श्रीहरिकोट्याच्या तळावर उभं आहे, जागचं हललेलंही नाही, तरी त्याच्या नावावर जवळजवळ अर्धा किलोमीटर दर सेकंदाचा वेग जमा आहे.

ही छपाईची चूक नाही. तक्त्यातला वेग जमिनीच्या सापेक्ष मोजलेला नसून पृथ्वीच्या केंद्राच्या सापेक्ष मोजलेला आहे, कारण उपग्रह त्या केंद्राभोवती फिरणार असतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, तिच्याबरोबर श्रीहरिकोटाही पूर्वेकडे फिरतो, आणि तळावरचं रॉकेटही. पुण्यात बसून हा लेख वाचणारा वाचकसुद्धा या क्षणी सेकंदाला सुमारे ४४० मीटर वेगाने पूर्वेकडे चालला आहे. विषुववृत्तावर हा वेग सर्वाधिक, ४६५ मीटर. ध्रुवाकडे जावं तसा तो कमी होत जातो.

हे झालं वारशाने मिळालेलं भांडवल. उरलेलं सगळं इंधन जाळून कमवावं लागतं, आणि या कमाईचा हिशोब वरवर पाहता जुळत नाही. पृथ्वीपासून १८५ किलोमीटरवर फिरत राहायला सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेग पुरतो. पण तिथे पोहोचवणाऱ्या रॉकेटला त्याहून जवळजवळ दीड किलोमीटर जास्त वेगाची तयारी करावी लागते, आणि तीही पृथ्वीने दिलेलं भांडवल वजा केल्यानंतर. तो दीड किलोमीटर कुठे जातो, हे समजलं की रॉकेट तसं का दिसतं आणि तसं का उडतं, हे बरंचसं उलगडतं.

आधी हिशोबाचं चलन कोणतं ते पाहू. मोटारीचा प्रवास आपण किलोमीटर आणि लिटरमध्ये मोजतो, कारण रस्ता आणि हवा चाकाला सतत अडवत असतात आणि प्रत्येक किलोमीटरला पेट्रोल लागतं. अवकाशात तसं नसतं. इंजिन बंद असतानाही यान लाखो किलोमीटर जातं, त्याचा खर्च शून्य. खर्च होतो तो वेग किंवा दिशा बदलताना. म्हणून अवकाश मोहिमेचं अंदाजपत्रक वेगातल्या बदलांचं असतं. बदलासाठी ग्रीक अक्षर डेल्टा, वेगासाठी व्ही, म्हणून त्याला डेल्टा-व्ही म्हणतात. एखादं रॉकेट सगळ्या ग्रहताऱ्यांपासून दूर, हवा नसलेल्या जागी नेऊन ठेवलं आणि टाकी रिकामी होईपर्यंत इंजिन चालवलं, तर त्याचा वेग जितका वाढेल तितकी त्याच्या खिशातली एकूण डेल्टा-व्ही. मोहिमेतलं प्रत्येक पाऊल या खिशातून काही ना काही काढून घेतं.

चंद्रावर माणसं नेऊन परत आणायची तर पृथ्वीजवळच्या कक्षेतून चंद्राकडे निघायला सुमारे ३.१ किलोमीटर प्रति सेकंद लागतात. चंद्राच्या कक्षेत थांबायला ०.९, उतरायला दोनाच्या आसपास, पुन्हा वर चढायला १.८५ आणि घरी निघायला १. ही सगळी यादी एका बाजूला ठेवली तरी, सर्वांत मोठी रक्कम तिच्या आधीच्या ओळीत असते: जमिनीवरून पहिल्या कक्षेपर्यंत. पृथ्वीपासून दोनशे किलोमीटरसुद्धा दूर नसलेली ती जागा. मुंबई ते नाशिक यापेक्षा फार जवळ नाही.

या ओळीचा तपशील पाहायला सॅटर्न-५ चांगलं, कारण त्याच्या उड्डाणांची बारीकसारीक मोजमापं प्रसिद्ध आहेत. अपोलो-११ घेऊन ते १६ जुलै १९६९ रोजी फ्लोरिडातून उडालं आणि पावणेबारा-बारा मिनिटांत सुमारे १८५ किलोमीटरवरच्या कक्षेत पोहोचलं. सॅटर्न-५ चा कक्षेपर्यंतचा जमाखर्च साधारण असा मांडला जातो. कक्षेतला वेग ७,८०० मीटर प्रति सेकंद. गुरुत्वाकर्षणाने खाल्लेला वेग १,५३०. रॉकेटचं नाक प्रवासाच्या दिशेपासून वळवून ठेवावं लागतं, त्यात गेलेला २४०. हवेच्या विरोधात गेलेला ४०. आणि पृथ्वीच्या फिरण्याने फुकट मिळालेला, म्हणून वजा करायचा, ३५०. गोळाबेरीज ९,२६०. पावणेआठाच्या वर थोडा असलेल्या वेगासाठी सव्वानऊचा खर्च.

या यादीत डोळ्यांत भरते ती १,५३० ची नोंद. तिची व्यवस्थित ओळख करून घेऊ.

जमीन सोडताना सॅटर्न-५ चं वजन सुमारे २,९४० टन होतं आणि पाच इंजिनांचा रेटा सुमारे ३,४५० टनांचा. या रेट्यातले २,९४० टन रॉकेटला नुसतं तोलून धरण्यात गेले. वर ढकलायला उरले जेमतेम ५०० टन. वजनरहित जागी ही इंजिनं रॉकेटचा वेग दर सेकंदाला साडेअकरा मीटरने वाढवू शकली असती. तळावर तो वाढत होता पावणेदोन मीटरने. जुन्या चित्रफितीत ते अवाढव्य रॉकेट आळसावल्यासारखं मनोऱ्याशेजारून वर सरकताना दिसतं, ते यामुळे. मनोरा ओलांडायलाच दहा-बारा सेकंद गेले. पहिला टप्पा सेकंदाला सुमारे १३ टन इंधन जाळत होता, म्हणजे पहिल्या दहा सेकंदांत १३० टन. त्या बदल्यात रॉकेटला मिळालेला वेग एखाद्या लोकल गाडीइतका. डेल्टा-व्हीच्या भाषेत सांगायचं तर खिशातून ११५ मीटर गेले, हातात आले अठरा-एकोणीस. बाकीचे गुरुत्वाकर्षणाने घेतले: दर सेकंदाला ९.८ मीटर, काही झालं तरी.

दोरीच्या मल्लखांबावरचा खेळाडू आठवावा. दोरीला लटकून एकाच जागी राहिला तरी त्याचे हात भरून येतात. तो वर सरकत नसतो, तरी ताकद खर्च होतच असते. तीच उंची त्याने चटचट चढून गाठली तर कमी दमतो, रेंगाळत चढला तर जास्त दमतो, कारण लटकण्याचा खर्च मिनिटांवर असतो. रॉकेटचंही तसंच. वर चढण्याच्या खर्चाखेरीज त्याला वर टिकून राहण्याचाही खर्च येतो, आणि तो वेळेप्रमाणे वाढत जातो. रॉकेट सरळ वर जात असेल तर तो पूर्ण लागतो. आडव्या रेषेपासून तीस अंशांवर जात असेल तर निम्मा. पूर्ण आडवं झालं की ही घट शून्य.

मग सुटल्यासुटल्या आडवं का होऊ नये? कारण नुसता नाकाचा कोन बदलून वजन नाहीसं होत नाही. वेग पुरेसा नसताना आडवं झालेलं रॉकेट खाली येऊ लागतं, आणि ते थोपवायला नाक पुन्हा वर उचलावं लागतं. तसं केलं की रेट्याचा काही भाग पुढे ढकलण्याऐवजी आधार देण्यात जातो. जमाखर्चातली २४० ची नोंद मुख्यतः याच स्वरूपाची आहे.

या कात्रीतून सुटका होते ती पृथ्वी गोल असल्यामुळे. आडवा वेग वाढेल तशी खालची जमीन वक्र होऊन दूर सरकत जाते आणि रॉकेटला आधाराची गरज कमी भासते. ही सवलत वेगाच्या वर्गाने मिळते. कक्षावेगाच्या निम्म्यावर, म्हणजे ३.९ किलोमीटरला, वजनाचा चौथाच भाग कमी झालेला असतो, तीन चतुर्थांश अजून पेलायचा असतो. साडेपाच किलोमीटरला निम्मं वजन उतरतं. ७.८ किलोमीटरला काहीच उरत नाही, आणि इंजिन बंद केलं तरी चालतं. कक्षा म्हणजे दुसरं काही नाही, आधाराचा खर्च शून्यावर येतो तो वेग. उड्डाणाची ती अकरा-बारा मिनिटं म्हणजे या शून्यापर्यंत पोहोचण्याची धावपळ असते, आणि ते येईपर्यंत प्रत्येक सेकंदाचं भाडं चालू असतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो चांगल्या पुस्तकांतही डोकावतो. वाचकाला वाटतं की जादा खर्च १८५ किलोमीटर वर चढण्याचा असेल. तो तसा किती आहे हे मोजता येतं. कल्पना करा की पृथ्वीवर हवा नाही, डोंगर नाहीत, आणि एक तोफ यानाला जमिनीलगत आडवं, एका क्षणात उडवते. १८५ किलोमीटरपर्यंत वर जाणाऱ्या लंबगोल मार्गावर जायला त्याला ७.९६ किलोमीटरचा वेग लागेल. वर पोहोचेपर्यंत तो घटून ७.७४ होईल, आणि तिथे कक्षा गोल करायला आणखी ०.०५-०.०६ ची भर घालावी लागेल. एकूण साधारण ८.०. म्हणजे कक्षावेगापेक्षा फक्त दोन-सव्वादोनशे मीटर जास्त. उंचीची खरी किंमत एवढीच. सॅटर्नच्या १,५३० मधून ती वजा केली तर तेराशे मीटर उरतात, आणि ते तेराशे मीटर उंचीसाठी गेलेले नाहीत. ते गेले वेळेपायी: तोफेने एका क्षणात केलं असतं ते रॉकेटला बारा मिनिटांत करावं लागतं म्हणून.

दुसरा संशयित म्हणजे हवा. तिच्या नावावर फक्त ४० मीटर लागलेले पाहून प्रथम मला विश्वास बसला नव्हता. पण रॉकेट खालच्या दाट हवेत सावकाश असतं, आणि वेग घेतं तेव्हा हवा विरळ झालेली असते. शिवाय सॅटर्न-५ इतकं जड होतं की त्याच्या वस्तुमानाच्या मानाने समोरचा पृष्ठभाग लहान ठरतो. लहान रॉकेटला हाच खर्च जास्त येतो, शंभर-दीडशे मीटरपर्यंत. मात्र हवेची खरी वसुली या ओळीत दिसतच नाही. सुरुवातीला उभं चढायला लावते ती हवाच, कारण दाट हवेत वेग घेतला तर दाबाने रॉकेटची रचना चिरडेल. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या खात्यात पडलेला बराच खर्च हवेनेच करायला लावलेला असतो. बाहेरचा दाब इंजिनाच्या झोतालाही अडवतो. सॅटर्नच्या पहिल्या टप्प्यातल्या एफ-१ इंजिनाचा झोत पोकळीत सेकंदाला सुमारे ३ किलोमीटर वेगाचं काम देई, तर समुद्रसपाटीवर २.६ चं.

मग इंजिनं आणखी मोठी लावून वेळ वाचवावा, असं कोणालाही सुचेल. काही प्रमाणात ते करतातही. पण मोठं इंजिन म्हणजे जास्त वजन, आणि इंधन संपत आलं की तोच रेटा रॉकेटला असह्य होतो. सॅटर्न-५ चा पहिला टप्पा जमिनीवर जेमतेम उचलत होता, पण दोन-सव्वादोन मिनिटांनी दोन हजार टनांच्या आसपास इंधन जळून गेल्यावर त्याच इंजिनांनी प्रवाशांना वजनाच्या चौपट दाबलं असतं. म्हणून १३५ व्या सेकंदाला मधलं इंजिन मुद्दाम बंद केलं जाई. सगळ्या बाजू सांभाळून निघणारी तडजोड बहुतेक रॉकेटांत सारखीच येते: सुरुवातीचा रेटा वजनाच्या सव्वापट ते दीडपट, आणि गुरुत्वाकर्षणाची घट अकराशे ते सोळाशे मीटरच्या दरम्यान.

वेळ म्हणजे खर्च, हे एका खऱ्या प्रसंगात स्वच्छ दिसलं. अपोलो-१३ ची आठवण लोक ऑक्सिजनच्या टाकीच्या स्फोटासाठी काढतात, पण त्या मोहिमेचं पहिलं संकट त्याच्या दोन दिवस आधी, ११ एप्रिल १९७० रोजी उड्डाणातच आलं होतं. दुसऱ्या टप्प्याच्या पाच इंजिनांपैकी मधल्या इंजिनात जोरदार कंपनं सुरू झाली आणि ते ठरल्यापेक्षा सुमारे दोन मिनिटं आधी बंद पडलं. इंधन कुठे सांडलं नव्हतं. मधल्या इंजिनाच्या वाट्याचं इंधन उरलेल्या चार इंजिनांनी जाळलं, त्यासाठी ती ३४ सेकंद जास्त चालली. तेवढंच इंधन, तसाच झोत, म्हणजे पुस्तकी डेल्टा-व्ही तीच. तरी हिशोब पूर्ण झाला नाही. रेटा कमी झाल्याने रॉकेट आधाराच्या भाड्याखाली जास्त वेळ राहिलं होतं, आणि ती तूट भरायला तिसऱ्या टप्प्याला ठरल्यापेक्षा नऊ सेकंद जास्त जळावं लागलं. ते इंधन चंद्राकडे निघण्यासाठी राखून ठेवलेल्या साठ्यातलं होतं. राखीव पुरेसं होतं म्हणून कक्षाही मिळाली आणि चंद्राची वाटही. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात त्या वेळी पहिला प्रश्न हाच होता: तिसऱ्या टप्प्यात चंद्राकडे जाण्याइतकं उरलं का?

एवढा आटापिटा दीड किलोमीटरसाठी कशाला, असं वाटू शकतं. याचं उत्तर कॉन्स्टँटिन त्सिओल्कोव्स्की यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीकरणात आहे. रॉकेटला पुढचं इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन जाळावं लागतं, त्यामुळे डेल्टा-व्ही बेरजेने वाढवली तर वजन गुणाकाराने वाढतं. झोताचा वेग सेकंदाला ३ किलोमीटर धरू. शेवटी एक टन वस्तुमान ७.८ किलोमीटर वेगाला न्यायचं असेल, तर सुरुवात साडेतेरा टनांनी करावी लागते. ९.३ किलोमीटरची तयारी ठेवायची तर बावीस टनांनी. आणि त्या शेवटच्या एका टनात टाक्या, इंजिनं, नळ्या सगळं आलं, नुसता उपग्रह नव्हे. इंधनाच्या बावीसाव्या हिश्शात अख्खं रॉकेट बसवणं जवळजवळ अशक्य असतं, म्हणून रिकामे टप्पे वाटेत टाकत जावं लागतं. घटीचा प्रत्येक मीटर या गुणाकारातून जातो.

ही ओढाताण भारतीय रॉकेटातही पाहता येते. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ घेऊन एलव्हीएम-३ उडालं. त्याच्या उड्डाणाचा तक्ता वाचताना एक गोष्ट चटकन लक्षात येते. पाच मिनिटांच्या सुमारास द्रवइंधनाचा टप्पा गळून पडला तेव्हा रॉकेट सुमारे १७५ किलोमीटरवर होतं. त्यानंतर क्रायोजेनिक टप्पा पेटला आणि पावणेअकरा मिनिटं जळत राहिला. तो विझला तेव्हा उंची किती? पुन्हा जवळजवळ तेवढीच, १७५ किलोमीटर. उड्डाणाचा दोनतृतीयांश काळ, सगळ्यांत उत्तम इंजिन, आणि उंचीत नफा काहीच नाही. ती सगळी मेहनत आडवा वेग वाढवण्यासाठी होती. शेवटी वेग सेकंदाला दहा किलोमीटरच्या वर गेला होता, कारण यानाला ३६,५०० किलोमीटरपर्यंत जाणाऱ्या लांबुडक्या कक्षेत सोडायचं होतं.

या क्रायोजेनिक इंजिनाचा रेटा सुमारे २० टनांचा. तो पेटतो तेव्हा त्याच्यावर याच्या दुपटीजवळ वजन असतं. जमिनीवर असा टप्पा जागचा उठणारही नाही. मग तो वर कसा चालतो? खालच्या टप्प्यांनी आधीच वेग दिलेला असतो, त्यामुळे आधाराची गरज कमी झालेली असते. शिवाय उंचीही आधीच कमावून ठेवलेली असते, ती जवळ असल्याने खाली ओढलं जाण्याची भीती लगेच नसते. हायड्रोजनच्या झोताचा वेग मोठा असल्याने दर किलो इंधनामागे तो जास्त डेल्टा-व्ही देतो, पण सावकाश देतो. रॉकेटची आखणी करणाऱ्याला कायम हे तोलावं लागतं: काटकसरी पण धीमं इंजिन घ्यावं, की उधळं पण झटपट? म्हणून तर जमीन सोडण्याचं काम घन इंधनाच्या दोन दांडग्या बूस्टरांकडे असतं. त्यांचा झोत तुलनेने मंद, पण रेटा प्रचंड, आणि सुरुवातीच्या दोन मिनिटांत रेट्यालाच महत्त्व असतं.

चंद्रावर या नियमाची उलट परीक्षा झाली. अपोलोचं यान चंद्रावरून वर चढे तेव्हा कक्षेसाठी सेकंदाला सुमारे १,६९० मीटर वेग हवा असे आणि खर्च येई सुमारे १,८५०. वरकड दहा टक्क्यांच्या आत. तिथे हवा नाही, म्हणून दहाएक सेकंद सरळ चढून लगेच आडवं वळता येतं, आणि ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाची, म्हणून दर सेकंदाचं भाडंही तितकंच कमी.

परत पहिल्या तक्त्याकडे जाऊ, कारण त्या ४५१.९ मीटरची एक खंत राहिली आहे. ते भांडवल फक्त पूर्वेकडे जाणाऱ्याला मिळतं. पीएसएलव्हीचे बरेचसे उपग्रह पृथ्वीची छायाचित्रं घेणारे असतात आणि त्यांना ध्रुवांवरून जाणारी कक्षा हवी असते, किंचित पश्चिमेकडे झुकलेली. तिथे पूर्वेचा वेग मदत तर करत नाहीच, उलट थोडा खोडून काढावा लागतो. पूर्वेच्या उड्डाणाशी तुलना केली तर फरक अर्ध्या किलोमीटरच्या आसपास पडतो.

त्यात श्रीहरिकोट्याच्या दक्षिणेला श्रीलंका आहे. गळून पडणारे टप्पे वस्तीवर पडू नयेत म्हणून रॉकेट आधी आग्नेयेला समुद्रावर जातं आणि बेटाला वळसा घालून मग दक्षिणेकडे वळतं. वळणाचा खर्च त्या वेळच्या वेगावर ठरतो. सेकंदाला २ किलोमीटर वेग असताना दिशा दहा अंशांनी बदलायला सुमारे ३५० मीटरची डेल्टा-व्ही लागते, तर साडेसात किलोमीटरला तेवढ्याच वळणाला १,३००. म्हणजे वळायचं तर लवकर, वेग कमी असतानाच. पण लवकर वळावं तर वाटेत बेट. या दोन्हींमध्ये जो क्षण सापडतो तिथे वळण घेतलं जातं, आणि त्याची किंमत उपग्रहाच्या वजनातून वसूल होते. तामिळनाडूत तुत्तुकुडी जिल्ह्यातल्या कुलशेखरपट्टिणमला नवा तळ उभा राहतो आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली, त्यामागचं एक मोठं कारण हे आहे. तिथून दक्षिणेला सरळ मोकळा समुद्र आहे. एसएसएलव्हीसारख्या लहान रॉकेटच्या खिशात असं वळण परवडण्याइतकं फार काही नसतं.

त्या एसएसएलव्हीचं पहिलं उड्डाण ७ ऑगस्ट २०२२ रोजी झालं. घन इंधनाचे तिन्ही टप्पे जळले. घन इंधनाचा टप्पा अपोलो-१३ सारखा थोडा जास्त वेळ चालवून तूट भरता येत नाही. जितकं भरलं तितकंच तो देतो, म्हणून शेवटचा हिशोब जुळवायला वर एक छोटा द्रवइंधनाचा भाग ठेवलेला असतो. त्या दिवशी दुसरा टप्पा सुटताना झालेल्या कंपनांनी वेगवाढ मोजणारे संवेदक क्षणभर गोंधळले, संगणकाने ते नादुरुस्त मानले, आणि पुढचं उड्डाण आधी ठरवून दिलेल्या पर्यायी मार्गाने केलं. हिशोब जुळवणारा तो छोटा भाग वापरलाच गेला नाही. ३५६ किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी उपग्रह पोहोचले ३५६ गुणिले ७६ किलोमीटरच्या कक्षेत. ७६ किलोमीटरवर हवा इतकी असते की तिथून जाणारा उपग्रह टिकत नाही. ते दोन्ही उपग्रह पडले.

या दोन कक्षांवरून वेगातली तूट काढता येते. ती सेकंदाला सुमारे ८० मीटर निघते, कक्षावेगाच्या एक टक्का. सरळ उभं राहून चढणारं रॉकेट गुरुत्वाकर्षणाला एवढं भाडं आठ सेकंदांत देतं.